खर्ऱ्याची सहा मिनिटं

माझी बायको गाडीतच गेली. दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत वळली आणि तिचा हात माझ्या हातात सैल पडला. डॉक्टरनं तिचे डोळे उघडून पाहिले, छाती दाबून पाहिली आणि म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." एवढं बोलून तो दुसऱ्या खाटेकडे गेला. त्याला जायला जागा होती. मला नव्हती.

आमचं गाव सिहोऱ्याच्या पलीकडे, भंडाऱ्याहून साठ किलोमीटर. त्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली तेव्हा तुमसरची सरकारी रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. मुलगा नागपूरला नोकरीवर, घरी मी आणि सून. सुनेनं फोन लावून भंडाऱ्याच्या एका खाजगी मालकाची रुग्णवाहिका बोलावली. दहा वाजता गाडी तिथून निघाली आणि बारा चाळीसला आम्हाला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचली. मधली दहा मिनिटं तिला खाटेवरून उचलून गाडीत घालण्यात गेली, ती मी वेगळी काढली. राहिले अडीच घंटे. येतानाचे साठ आणि नेतानाचे साठ, असे एकशेवीस किलोमीटर, आणि त्याला अडीच घंटे.

बायको मेल्याचा असा हिशोब कोणी करते काय, असं मला गावात एक-दोघांनी तोंडावर विचारलं. मी केला. तेरवी आटोपली, पाहुणे गेले, मग घरात करायला होतं काय? ती असती तर म्हणाली असती, बसून नका राहू, वाडीतल्या वालाला पाणी घाला. वाल वाळून गेला.

माझ्या डोक्यात ड्रायव्हर बसला होता. तो दारात उतरला तेव्हा त्याच्या गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात तो. घोटायला वेळ लागतो, चांगला लागला पाहिजे तर जास्तच लागतो. माझी बायको खाटेवर तडफडत होती आणि हा कुठं तरी ठेल्यासमोर उभा राहून खर्रा घोटून घेत होता, हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं मला दिसायचं. नेताना तो थांबला नाही, मी मागं बसलो होतो, मला माहीत आहे. थांबला असेल तर येतानाच.

मी भंडाऱ्याला मालकाकडे गेलो. मालकानं ड्रायव्हरला बोलावलं आणि मोबाइल काढला. गाडीत यंत्र बसवलेलं, चालत्या गाडीचा वेग त्यात येतो.

"येताना चाळीस पडली, नेताना साठ," मालक म्हणाला.

"थांबला असन तर दिसते काय त्याच्यात?" मी विचारलं.

"थांबलेलं नाही दिसत काकाजी. चाललेलंच धरते ते."

"चाळीस काहून? साठनं नेऊ शकते तर आणू काहून शकत नाही?"

ड्रायव्हर म्हणाला, "धानाचे ट्रॅक्टर होते रस्त्यानं. लाइनच लागली होती. रिकाम्या गाडीले कोणी बाजू देत नाही काकाजी. पेशंट असला, सायरन वाजला, तर सरकतात. तरी पन्नासची अ‍ॅव्हरेज काढली मी."

"हो, पन्नास," मालकही म्हणाला. "चाळीस नि साठ, शंभर. अर्धे पन्नास." आणि त्यानंच मोबाइलवर गणित केलं. एकशेवीस भागिले पन्नास. दोन घंटे चोवीस मिनिटं आली.

"लागले अडीच घंटे," मी म्हणालो. "सहा मिनिटं कुठं गेली?"

मालकानं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं मोबाइलकडे पाहिलं. पन्नास त्यानंच सांगितली होती, आता मागं सरकायला जागा नव्हती.

"खर्रा घोटायले थांबला होता ना?"

"खर्रा खिशात होता काकाजी. पोरीची शपथ."

"मग सहा मिनिटं सांग."

मालक म्हणाला, "काकाजी, तुम्ही लिहून द्या. मी याले काढून टाकतो. माझ्या धंद्याचं नाव खराब होते." ड्रायव्हर तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. मी घरी आलो आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

मला जेमतेम चौथीपर्यंत शाळा. अर्ज सुनेला लिहायला सांगितला. ती शिकलेली आहे, घरापुढच्या सपरीत गावच्या पोरांची शिकवणी घेते. मी सांगत होतो, ती लिहीत होती. चाळीस, साठ, पन्नास, दोन घंटे चोवीस मिनिटं. पन्नासवर तिचा पेन थांबला.

"मामाजी, पन्नास कोणं काढली?"

"मालकानं. ड्रायव्हरनं. मीबी काढली. चाळीस नि साठचे अर्धे किती होतात, तुले येत नाही काय?"

"अर्धे पन्नासच होतात. पण गाडीची सरासरी तशी नाही निघत. पोरांले मी हेच शिकवते, नि पोरं दरवर्षी हीच चूक करतात."

"मी काय तुझ्या शिकवणीतला पोरगा आहो?"

तिनं पेन उचलला नाही. मग मागं न हटता म्हणाली, "येताना साठ किलोमीटर, चाळीसनं. किती वेळ?"

"दीड घंटा."

"जाताना साठ किलोमीटर, साठनं?"

"एक घंटा."

मी बोलून गेलो आणि तिथंच दोन्ही आकडे मिळवले. दीड आणि एक, अडीच. तिनं पुढं काही म्हणायची गरज नव्हती, तरी तिनं सांगितलं. "एकशेवीस किलोमीटर, अडीच घंटे. सरासरी अठ्ठेचाळीस. गाडी दीड घंटा चाळीसनं चालली नि एकच घंटा साठनं. हळू जास्त वेळ चालली. मग बरोबर मधात कशी येईन? पन्नास खरी असती तर अडीच घंट्यात एकशेपंचवीस किलोमीटर झाले असते. आपला रस्ता तेवढा आहे काय?"

"म्हणजे सहा मिनिटं?"

"नाहीतच मामाजी. कधीच नव्हती."

मला इतका राग आला की मी म्हणालो, "तू कोणाकडून आहेस? सासू तुझी मेली ना?" ती रडली नाही. तिनं मोबाइल काढला आणि त्या दिवशीचा फोन दाखवला. ड्रायव्हरनं गावच्या बस थांब्यावरून विचारलं होतं, घर कोणतं. साडेअकरा वाजता. दहाला निघाला, साडेअकराला गावात. दीड घंटा. चाळीसनं साठ किलोमीटर कापायला जेवढा लागतो तेवढाच, एक मिनिट इकडे नाही का तिकडे नाही. खर्ऱ्याला त्यात जागाच नव्हती.

मी हरायला तयार नव्हतो. म्हणालो, अंतर कमी धरून पाहा, वीसच किलोमीटर धर. तिनं धरलं. येताना अर्धा घंटा, जाताना वीस मिनिटं, चाळीस किलोमीटरला पन्नास मिनिटं. अठ्ठेचाळीस. म्हटलं तीस धर. पंचेचाळीस मिनिटं आणि तीस मिनिटं, साठ किलोमीटरला सव्वा घंटा. अठ्ठेचाळीस. "कितीबी धरा," ती म्हणाली, "जातानाचं नि येतानाचं अंतर सारखं आहे तंवर बदलत नाही." कुठल्या तरी अंतराला ती सहा मिनिटं परत येतील म्हणून मी सारखा विचारत होतो. ती एकेक करून देत होती. शेवटी तिनंच पेन खाली ठेवला. अर्ज अर्धा लिहिलेला तसाच पडला.

रागावर माणूस उभा राहू शकतो. माझा राग तिनं दोन ओळींत पुसून टाकला, आणि आता मी कशावर उभा राहू ते मला कळेना. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पाणी दिलं तर घेत होतो, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच दारात आला, मोटरसायकलवर. गाल रिकामा होता. सून दारात आली तर तिला म्हणाला, "वहिनी, काकाजीसोबत बोलायचं आहे." मग माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"मालक म्हणते, कबूल करून माफी मागितली तर कामावर ठेवीन. घरी बसून मी लय विचार केला. थांबलो असन काकाजी. माझ्या ध्यानात नाही, पण सहा मिनिटं तर कुठं ना कुठं गेलीच ना. थांबलोच असन. लिहा तुम्ही, खर्रा घोटायले थांबलो होतो म्हणून. मी सही करतो."

मला जे पाहिजे होतं ते माझ्या पायाशी आणून ठेवलं होतं. हो म्हटलं असतं तर कोणी विचारणारं नव्हतं. सून दारात उभी होती. मी त्या माणसाच्या डोक्याकडे पाहिलं. खोटं आहे हे माहीत असून मला ते घ्यायचं होतं, हे मी इथं लपवत नाही.

"तू नाही थांबला," मी म्हणालो.

"अं?"

"नाही थांबला तू. पन्नासची नाही, अठ्ठेचाळीसची पडली. तुले गणित येत नाही, तुझ्या मालकाले येत नाही, मलेबी येत नाही. हिले येते. हिच्याकडून समजून घे नि मालकाले सांग."

सुनेनं त्याला सगळं पुन्हा सांगितलं, पोरांना सांगते तसं. दीड घंटा, एक घंटा. साडेअकराचा फोन दाखवला. ऐकता ऐकता त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाला, "मी नाही थांबलो. वहिनी, मी खरंच नाही थांबलो ना?" तो माणूस त्या तीन दिवसांत स्वतःवरच गुन्हा लावून बसला होता. त्याला सुटलेला पाहून मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. त्याच्या पोरीकडे तो आता जाणार, जेवणार, हसणार, आणि मी इथंच, एवढंच मनात आलं. सुनेनं त्याला चहा दिला. मी दिला नसता.

तो गेल्यावर मी सुनेला विचारलं, "येतानाबी साठनं आला असता तर?"

"नका ना काढू मामाजी."

"सांग."

ती आत गेली. मग मीच काढलं, आता मला येत होतं. एक घंटा यायला, एक घंटा न्यायला. दोन घंटे. अर्धा घंटा वाचला असता. सहा मिनिटं नाही, तीस मिनिटं. डॉक्टरचं 'थोडं आधी' त्यात मावलं असतं की नाही, कोणाला माहीत. ती तीस मिनिटं धानाच्या ट्रॅक्टरमागं गेली. ते ट्रॅक्टर आमच्या गावचे, शेजारच्या गावचे, सगळ्यांचे. कापणी झाली की धान विकायला सगळेच नेतात, दरवर्षी नेतात, मीही नेतो.

अर्ज कोणावर करू? धानावर?

सून आतून म्हणाली, "मामाजी, जेवता काय?" मी म्हणालो, नाही.