बाबांचा धैवत

बाबा गेल्याचं मला नसरापूरच्या स्टँडवर कळलं. वेल्ह्याच्या कचेरीतून परत येताना मी भोरच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात शेजारच्या मालूकाकूंचा फोन आला. "वैजू, तू आहेस तिथून थेट घरी ये," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून मला समजलं. कापूरहोळपर्यंत शेअर रिक्षात बसले. रिक्षात मोठ्यानं लग्नाची गाणी लागलेली. बंद करा म्हणावं असं वाटलं, पण म्हटलं नाही. रडूही आलं नाही. डोक्यात एकच हिशेब चालला होता, की ते माझ्याशी शेवटचं नीट कधी बोलले... त्याला एक महिना आणि चार दिवस झाले होते. त्या एका महिन्याबद्दल लिहायचं तर तीस वर्षं मागं जायला लागेल.

बाबा भोरमधल्या शाळेत संगीत शिक्षक होते. शाळेत प्रार्थना, समूहगीतं, स्नेहसंमेलन. खरं गाणं घरी, रविवारी सकाळी, पुढच्या खोलीत. शंभरेक मुलं येऊन गेली असतील. त्यांच्या शोकसभेत सगळे म्हणाले, सर कडक होते पण हातचं राखून कधी शिकवलं नाही. मी मान खाली घालून बसले होते. एकदा वाटलं उठावं. उठले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सुजाता आमच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती, माझ्याच वर्गात. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. भोरला वसतिगृहात राहायची. तिचे वडील जयंतीला भीमगीतं गायचे आणि तिला लहानपणापासून खांद्यावर घेऊन मिरवणुकीत न्यायचे, त्यामुळं तिला लाज नावाची गोष्ट नव्हती. पहिल्याच दिवशी बाबांनी पेटीवर षड्ज धरला आणि ती गायली. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. बाबा पेटीचा भाता हलवायचे थांबले. मी बाजूला बसले होते. माझा आवाज पातळ, वरच्या पट्टीत चिरकणारा. अकरा वर्षांच्या मुलीलासुद्धा कळतं काय झालं ते.

पुढं बारा-तेरा वर्षं ती रविवारी येत राहिली. आधी शाळेतून, मग कॉलेजातून. पलटे, तराणे आम्ही एकत्र घोटायचो, पण राग बाबा प्रत्येकीला वेगळा शिकवायचे. माझी तालीम आधी, मग तिची. तिची चालू असताना मी आत पोळ्या लाटायचे आणि ऐकायचे.

इथं भूपाबद्दल थोडं सांगायला हवं. भूपात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. देसकारातही नेमके हेच पाच. तरी दोन्ही राग वेगळे. भूप संध्याकाळचा, त्याचं घर गंधारात. सगळं फिरून गंधाराशी यायचं, तिथं टेकायचं. देसकार सकाळचा, त्याचा जीव वर, धैवतात. भूप गाताना तुम्ही धैवतावर रेंगाळलात की भूप संपला आणि देसकार सुरू झाला. जाणकाराला हे दोन मिनिटांत कळतं. स्वर एकही चुकलेला नसतो, राग मात्र चुकलेला असतो.

माझ्या तालमीत बाबा पट्टीनं पेटीवर आपटायचे. कधी माझ्या मनगटावरही. "गंधार! कुठं चाललीस वर? खाली ये, गंधारावर ये!" मी रडत रडत गंधारावर यायचे. मग त्याच भूपासाठी सुजाता बसायची. तिचा धैवत असा लागायचा की आत माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. ती विचारायची, "सर, हितं थांबू का? लई बरं वाटतंय." आणि बाबा म्हणायचे, "थांब. थांब तिथंच. वा!"

मला त्यांनी कधी वा म्हटलं नाही. मी रात्री उशीत तोंड खुपसून त्या एका शब्दासाठी रडले आहे. आणि हेही लिहिते, की धैवतावर इतकं थांबायचं नसतं हे मला माहीत होतं. माझ्या मनगटाला माहीत होतं. पण मला वाटायचं, जिच्या गळ्यात एवढं आहे तिला सगळं माफ असेल.

चोविसाव्या वर्षी आम्ही दोघींनी रेडिओच्या ऑडिशनचे अर्ज भरले. तयार रागांची यादी द्यायची असते. दोघींच्या यादीत पहिला राग बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला: भूप. पुण्याला जाताना बाबा आमच्याबरोबर होते. तिथं नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. ऐकणाऱ्यांना गाणारा दिसत नाही. बंद खोलीत तंबोरा, तबला, पेटी आणि मायक्रोफोन. आधी आपला राग, मग यादीतला ते सांगतील तो. माझा आवाज तार सप्तकात फाटला आणि मी पडल्या चेहऱ्यानं बाहेर आले. सुजाता मात्र लवकरच बाहेर आली, त्यांनी तिला दुसरा राग विचारलाच नाही. तरी तिचा चेहरा उजळलेला. "सर, धैवत असा लागला म्हणून सांगू! तीनदा थांबले मी." बाबा म्हणाले, "छान केलंस."

दोघींची पत्रं एकाच दिवशी आली. दोघीही नापास. कारण लिहिलेलं नसतं, कळायला मार्ग नसतो. रविवारी सुजाता आली तेव्हा बाबांनी पेटी उघडलीच नाही. म्हणाले, "पोरी, तुझा आवाज मैदानातला आहे. मिरवणुकीत शोभतो. रागदारीचा नाद सोड, डी.एड. कर." ती बराच वेळ सतरंजीचे दोरे ओढत बसली. मग बाबांच्या पाया पडली आणि गेली. परत आली नाही. मीही त्याच वर्षी गाणं सोडलं. पुढं नोकरी लागली, लग्न केलं नाही, आई गेली, आणि घरात बाबा आणि मी राहिलो.

तर यंदाची ती सकाळ. बाबा चौऱ्याऐंशीचे, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. उशाशी रेडिओ. मी चहा गाळत होते. निवेदिका म्हणाली, आता सुजाता अमुक यांचं गायन, राग देसकार. मला नाव ऐकू आलं पण आडनाव सासरचं, त्यामुळं लक्षात आलं नाही. आलाप सुरू झाला, आणि मग तो धैवत आला. सावकाश, पंचमाला हलकेच स्पर्श करून, वर जाऊन उभा राहिला. गाळणी माझ्या हातात तशीच.

"वैजू!" बाबा ओरडले. पलंगावर अर्धे उठून बसले होते. डोळ्यांत पाणी. "ही आपली सुजी! हा धैवत माझा आहे! मी लावलाय तो तिच्या गळ्यात!"

दिवसभर त्यांनी येईल त्याला सांगितलं. मालूकाकूंना, दूधवाल्याला, रक्तदाब तपासायला आलेल्या नर्सला. माझी शिष्या रेडिओवर गायली. तिला फोन लाव म्हणून माझ्या मागं लागले. वेल्ह्याच्या एका शिक्षकाकडून मी नंबर मिळवला. ती साताऱ्याकडच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लावला आणि बाबांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"नमस्कार, सर," ती म्हणाली. आवाज मोठा झालेला, भरलेला.

"ऐकलं बरं का! धैवत अजून तसाच आहे हो तुझा."

"व्हय सर. तसाच आहे." मग म्हणाली, "सर, तुमाला एक विचारायचं होतं. लई वर्षांपासून. मी नंतर साताऱ्याला एका बाईंकडं शिकले. त्यांना पहिल्या दिवशी भूप गाऊन दाखवला. त्या म्हणाल्या, हा देसकार आहे, कुणी शिकवला भूप म्हणून? पाच वर्षं त्यांनी तो मोडायचा प्रयत्न केला. मोडला न्हाई. गळा धैवतावरच जातो. मी भूप गातच न्हाई सर अजून. ऑडिशन पुन्हा दिली ती देसकारावर. मला एवढंच सांगा, तुमाला फरक माहीत नव्हता का?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. छताकडं पाहत म्हणाले, "अगं, आम्ही शाळेतले मास्तर. आम्हाला कुठं एवढं बारीक कळायचं तेव्हा..."

मी गप्प राहू शकले असते. आयुष्यभर राहिलेच होते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मला तर तुम्ही गंधारावर मारून आणायचात."

मग सुजाता अगदी हळू म्हणाली, "म्हंजे येत होतं." आणि फोन बंद झाला.

रात्री मी जेवण नेलं तेव्हा बाबा भिंतीकडं तोंड करून बोलले. "ती पुढं गेली असती आणि तू इथंच राहिली असतीस. मला ते बघवलं नसतं."

"माझ्यासाठी केलंत?"

"तुझ्यात काही नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं," ते म्हणाले. "तुला मारून मारून जेवढं यायचं तेवढं आलं. तिला मारायची गरजच नव्हती. वा म्हटलं की पुरे व्हायचं."

"तिच्या जातीचं काही होतं का बाबा त्यात?"

"नाही," ते म्हणाले. लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की मला आजही ठरवता येत नाही.

त्यानंतर महिनाभर आम्ही गोळ्या आणि बेडपॅनपुरतंच बोललो. रेडिओ लावू का विचारलं तर मान हलवून नको म्हणायचे. मी त्यांची सगळी सेवा केली, वेळच्या वेळी, एक गोळी चुकवली नाही. मायेनं मात्र एकदाही हात लावला नाही. त्यांना ते कळत होतं. मी कुशीवर वळवताना ते डोळे मिटून घ्यायचे, जसे मी पट्टी पडायच्या आधी मिटायचे. शेवटच्या दिवशी सकाळी मी दारात चपला घालत होते तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं. मला ऐकू आलं. गाडी चुकेल म्हणून मी निघाले... गाडीला अजून वीस मिनिटं होती.

दहाव्यानंतर मी सुजाताला कळवलं. तिनं विचारलं, "शेवटी काही म्हणाले?"

"नाही."

"बरं." ती पुढं म्हणाली, "वैजू, माझी तालीम चालायची तेव्हा तू आत असायचीस. तुला ऐकू यायचं का गं?"

"हो."

"आणि कळायचं?"

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं ती फोन ठेवेल. पण तिनं साधं, शाळेतल्या मैत्रिणीसारखं विचारलं, "तू गातेस का अजून?"

"नाही. केव्हाच सोडलं."

"का गं?" सुजाता म्हणाली. "तुला तर त्यांनी बरोबर शिकवलं होतं."

मी फोन बाबांच्या रिकाम्या पलंगावर ठेवला. गादी उन्हात टाकली होती. लाकडी फळ्यांवर बसून राहिले. पुढच्या खोलीत आता कुणीही येत नाही, तरी रविवारी सकाळी मी तिथं झाडून सतरंजी अंथरते. दोघींना पुरेल एवढी. दुपारी घडी करून ठेवते.