उरलेले शहात्तर रुपये ऐंशी पैसे

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा ट्रंकेत सहा साड्या होत्या आणि शिवणक्लासचं सर्टिफिकेट. मशीन तेवढं नव्हतं. गल्लीतल्या बायका ब्लाउज शिवायला पार बाजारातल्या शिंप्याकडे जायच्या, तो मेला महिना महिना रखडवायचा, आणि मी हातात कला असून डाळ निवडत बसायची. दुकानात जाऊन किंमत विचारून आले. तीनशे साठ रुपये! यांचा अख्खा पगार तीनशे. घरी येऊन भाकरी थापायला बसले.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी हे कचेरीतून अगदी खुशीत आले. अल्पबचतीवर कुणीतरी साहेब भाषण देऊन गेले होते. "अगं, पगाराचे तीन भाग करायचे," हे बूट न काढताच सांगायला लागले. "शेकडा साठ गरजेला, वीस बचतीला, वीस हौसेला. बस्स!"

"आणि बचत कशासाठी?" मी विचारलं.

"तुझ्या मशीनसाठी, दुसरं काय! आखाजीपर्यंत घरात आणतो."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या वर्षी मे महिन्यात होती, म्हणजे डिसेंबरपासून सहा पगार. मी इतकी हरखले की चहात साखर दोनदा पडली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, फडताळातले तीन रिकामे डबे घासूनपुसून दिले. गरजेच्या डब्यातून भाडं, दूध, रॉकेल आणि किराणा भागवायचा, शिवाय उन्हाळ्यात वर्षाचे गहू-डाळ भरायला त्यातलेच थोडे मागे टाकायचे. त्यामुळे त्या डब्याला भलत्या कामासाठी हात लावायचा नाही, असं अक्कांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

डिसेंबरचा पगार झाला. हे पाटावर मांडी घालून बसले, पूजेला बसावं तसे. तीनशेचे साठ टक्के, एकशे ऐंशी. पहिल्या डब्यात गेले. हातात राहिले एकशे वीस. "आता याचे वीस टक्के," असं म्हणून यांनी चोवीस बचतीत टाकले. राहिले शहाण्णव. त्याचे वीस टक्के, एकोणीस रुपये वीस पैसे, हौसेच्या डब्यात. आणि तरीही हातात पैसे होतेच! शहात्तर रुपये ऐंशी पैसे.

"बघितलंस?" हे ओरडलेच. "गरज भागली, बचत झाली, हौस झाली, वर एवढे उरले! साहेब उगाच साहेब होत नाहीत."

मला काहीतरी खटकलं, पण नवऱ्याचा एवढा फुललेला चेहरा बघून तोंड उघडवेना. त्या उरलेल्या पैशांतून यांनी कचेरीतल्या दहाजणांना, त्यांच्यातल्याच एकाच्या शेतावर, भरीत पार्टी दिली. तुरकाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, वर केळी आणि जिलबी. जानेवारीत पुन्हा तसेच शहात्तर रुपये ऐंशी पैसे उरले. मग काय विचारता! अर्ध्या गल्लीला सिनेमा, सगळ्यांना सोडा, अक्कांना लोकरी शाल, आणि मित्रांना दुसऱ्यांदा भरीत. गल्लीत यांचं नाव झालं. बायका मला म्हणायच्या, तुमच्या घरात लक्ष्मी पाणी भरते हो.

कसलं पाणी! जानेवारीच्या शेवटी मी बचतीचा डबा उघडला. आत अठ्ठेचाळीस. दोन महिन्यांत अठ्ठेचाळीस तर सहा महिन्यांत एकशे चव्वेचाळीस. तीनशे साठ व्हायला पंधरा महिने लागणार! आखाजीला माझ्या मशीनची सुईसुद्धा दिसणार नव्हती. डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. पण मग तिथेच चुलीपुढे बसून विचार केला. साठ आणि वीस आणि वीस, मिळून झाले शंभर. शंभरातले शंभर वाटून टाकल्यावर उरतील कसे? एक पैसासुद्धा उरता कामा नये. उरले, म्हणजे कुणाच्या तरी डब्यात कमी पडले.

फेब्रुवारीच्या पगाराला यांनी सवयीने गरजेचे एकशे ऐंशी काढले आणि पुढे हिशोब करणार, तेवढ्यात मी हात धरला. "थांबा. सगळे एकत्र करा." मी तीनशे रुपयांच्या शंभर-शंभरच्या तीन गड्ड्या केल्या. "हे तीन शंभर. आता प्रत्येक शंभरातून साठ इकडे, वीस तिकडे, वीस तिकडे."

यांनी तसं केलं. गरजेत एकशे ऐंशी, बचतीत साठ, हौसेत साठ. पाट रिकामा.

"अरेच्चा! उरलेले कुठे गेले?"

"कुठेच गेले नाहीत. तुम्ही वीस टक्के पगाराचे काढलेच नाहीत, हातात राहिलेल्याचे काढलेत. बचतीत छत्तीस कमी पडले आणि हौसेत चाळीस रुपये ऐंशी पैसे. मिळवा बरं दोन्ही."

यांनी मिळवले. शहात्तर रुपये ऐंशी पैसे! चेहरा असा पडला की माझा अर्धा राग तिथेच विरघळला. उरलेला अर्धा मात्र मी व्यवस्थित वापरला. "माझं मशीन तुमच्या मित्रांनी पुरीला लावून खाल्लं!" असं म्हटल्यावर मला हुंदकाच फुटला. आतून अक्का, सगळा पैसा भरितातच गेला की काय म्हणून, आपल्या अहिराणीत ओरडल्या, "आते काय, बठ्ठा पैसा खाई टाका का भरीतमा?"

हे बराच वेळ मान खाली घालून बोटं मोजत बसले. मग म्हणाले, "बचतीत दोन महिन्यांचे बहात्तर कमी पडलेत. हा धरून आखाजीपर्यंत पगार राहिले चार. महिन्याला अठरा जास्त टाकू."

"कुठून? गरजेला हात लावायचा नाही."

"हौसेतून. बचत अठ्ठ्याहत्तर, हौस बेचाळीस." मग स्वतःच मोठ्याने बेरीज केली. "एकशे ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, बेचाळीस. तीनशे! शेकडा साठ, सव्वीस, चौदा. शंभर! आता काही उरत नाही ना गं?" एखादं पोर पाढा बरोबर आला का विचारतं तसं विचारलं, आणि मला रडता रडता हसू आलं.

त्याच महिन्यात यांचे मित्र सायकली घेऊन दारात आले. हंगामातली भरिताची शेवटची वांगी, प्रत्येकाने आपापली वर्गणी काढायची. हे दारातच म्हणाले, "पोट दुखतंय रे, तुम्ही जा." मित्र गेले. आत येऊन यांनी चार भाकरी आणि वाटीभर ठेचा खाल्ला. मी पाचवी भाकरी वाढली. मला तेव्हा हा माणूस फार आवडला, खरं सांगते.

मे महिन्याच्या पगाराला बचतीच्या डब्यात बरोबर तीनशे साठ झाले. आखाजीच्या आदल्या दिवशी हातगाडीवरून मशीन आलं. अक्कांनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि संध्याकाळपर्यंत पाच बायका कापड टाकून गेल्या. शिंप्याला बसवलंच मी घरी.

माझ्या कमाईलासुद्धा मी तोच नियम लावला. महिन्याला साधारण पन्नास रुपये सुटायचे. तीस गरजेला, दहा बचतीला, दहा हौसेला, मग बेरीज करून पन्नास भरतात का ते बघायचं. हौसेचे दर महिन्याचे दहा साठू दिले, थंडी पडेपर्यंत मी त्यांना हात लावला नाही. मार्गशीर्षात यांच्या त्या दहा मित्रांना गुपचूप निरोप धाडला आणि शेतावर वांगी भाजायला लावली.

यांना तिथे नेलं तेव्हा धूर बघून हे जागच्या जागी थबकले. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, हे कुठल्या डब्यातलं?"

"हौसेच्या. माझ्या. बेरीज करून आणलंय."

हे पुरी घेऊन बसले. पहिला घास तोंडात गेला आणि डोळे भरून आले. तुरकाट्यांचा धूर म्हणावा तर वारा उलट्या दिशेला होता.

"त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं गं," हे म्हणाले.

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.