डाव्या पायावरचा लेअर

विल्मार मोस्केराने आमच्या अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत आल्या आल्या एका बॉक्सरला रिंगभर हवेत तरंगवलं होतं. एका ठोशाला बॉक्सरचे पाय जमिनीत रुतत होते, तेवढ्यापुरती कंबर जरा वर उचलायची होती. पठ्ठ्याने उचलली, आणि बॉक्सर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत वरच राहिला.

मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. "हे बघ," म्हटलं, "मोशन कॅप्चरच्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावरून टिपलेल्या हालचालीत दर फ्रेमला कीफ्रेम, म्हणजे स्थितीची नोंद असते. त्यात हात घालायचा म्हणजे विणलेल्या स्वेटरचा एक धागा ओढायचा. म्हणून या माया सॉफ्टवेअरमध्ये आपण मूळ हालचालीला बोटसुद्धा लावत नाही. तिच्यावर एक लेअर टाकायचा आणि काय डागडुजी करायची ती त्या लेअरवर. लेअर बंद केला की खाली मूळ माणूस जसाच्या तसा. पण अशा बेरजेच्या, मूळ हालचालीत भर घालणाऱ्या लेअरवर डागडुजीच्या आधी आणि नंतर शून्याची कीफ्रेम ठेवायची. नाहीतर तुझी डागडुजी सगळ्या क्लिपभर पसरते. कळलं?"

"कळलं, बॉस. सॉरी, बॉस." कान लाल झाले होते त्याचे.

तो पोरगा चटकन लाजायचा. शर्टाला कडक इस्त्री, डब्यात नेहमी पांदेबोनो, म्हणजे विकतचा चीजचा पाव, आणि घराचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचा. आई गेलेली, वडील बाहेरगावी असतात, एवढंच आम्हाला माहीत. मी खोदून विचारलं नाही. आडनावावरूनही काही कळायला मार्ग नव्हता, कारण आमच्या काली शहरात दगड भिरकावला तर तो एखाद्या मोस्केरालाच लागेल. कामाला मात्र तो हळूहळू असा तयार झाला, की पाय घसरतायत, हात टेबलात शिरतोय, असलं काही आलं की मी डोळे मिटून त्याच्याकडे टाकायचे.

मग बोगोताहून दिग्दर्शिका हिमेना आली. तिची छोटी फिल्म आम्ही करत होतो. त्यात एक म्हातारा हमाल मुलीच्या लग्नात साल्सा नाचतो. त्या नाचासाठी मी तीन चांगले नर्तक दाखवले, बक्षिसं मिळवलेले. हिमेनाने नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी टॅक्सीतून उतरली ती ओरडतच. "सापडला! पाचव्या रस्त्याच्या सिग्नलला नाचतो तो म्हातारा! लाल टोपी, पांढरे बूट! मला तोच पाहिजे."

तो सगळ्यांना माहीत होता. लाल दिवा लागला की गाड्यांसमोर नाचायचा आणि हिरवा लागायच्या आत टोपी फिरवायचा. आमच्या पोरांनी त्याचे व्हिडिओ काढलेले होते. ते एकमेकांना दाखवून हसणंही चालायचं. विल्मार तेव्हा पाणी प्यायला उठायचा, हे मला नंतर आठवलं.

म्हातारा आला तो बूट पॉलिश करून, टोपी हातात धरून. "माएस्त्रो, या," मी उस्तादांना मारतात ती हाक मारली. त्याने हॉलभर नजर फिरवली. विल्मारच्या टेबलापाशी ती थांबली. विल्मारने मान खाली घातली आणि कीबोर्डकडे बघत राहिला. म्हातारा क्षणभर घुटमळला, मग अगदी अदबीने म्हणाला, "नमस्कार साहेब. तुमच्या कामात व्यत्यय नाही ना?"

"नाही," विल्मार म्हणाला. इतकंच.

सूट चढवणारा आमचा फाबियान. त्याने माएस्त्रोच्या अंगावर हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचे पट्टे बांधले, गाणं लावलं आणि माएस्त्रो नाचला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. पण नंतर ती हालचाल पडद्यावरच्या नुसत्या राखाडी पुतळ्यावर चढवून बघितली, तर गिरकीच्या वेळी डावा पाय मागे रेंगाळतोय. जमिनीवरून ओढल्यासारखा उशिरा येतोय.

"सेन्सर सरकला वाटतं," फाबियान म्हणाला.

"सेन्सर कसला, पाय घरी विसरून आलाय म्हातारा!" कुणीतरी बोललं आणि सगळे खिदळले. मीही हसले. माएस्त्रो दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्यालाही ऐकू गेलं असणार.

"सेन्सरच सरकलाय," विल्मार मोठ्याने म्हणाला. "मी करतो तो पाय नीट."

आणि त्याने केला. या वेळी बेरजेचा लेअर नाही, तर खालचं झाकून टाकणारा, ओव्हरराइडचा. डाव्या पायाची मूळ हालचाल त्याखाली दडली आणि वर विल्मारने स्वतः बेतलेला पाय आला, तालावर पडणारा, तरणाताठा. कंबरेवरही एक लेअर टाकून तिचा झोल काढला. शून्याच्या कीफ्रेम जिथल्या तिथे. मी पाठ थोपटली.

हिमेनाने व्हिडिओ बघितला आणि लगेच फोन केला. मग म्हणाली, "हा कोण आहे?"

"कोण म्हणजे? तुझाच म्हातारा."

"नाही गं. याचा पाय बघ. हा कुठल्याही डान्स क्लासमधला पोरगा आहे. मी सिग्नलला जे बघितलं ते मेलं यात."

मी विल्मारला म्हटलं, "त्या पायाच्या लेअरचं वेट, त्याचा जोर, निम्म्यावर आण बघू." त्याने आणलं. पाय निम्मा विल्मारने बेतलेला, निम्मा खालचा. ना धड ओढलेला, ना धड टाकलेला, चिखलात चालल्यासारखा. म्हणजे डेटाच खराब, असं मी ठरवलं. फाबियानवर तोंडसुख घेतलं आणि माएस्त्रोला पुन्हा बोलवायला सांगितलं. विल्मार काहीतरी बोलायला आला होता. मी फोनवर होते. तो उभा राहिला आणि परत गेला.

दुसऱ्या खेपेला हिमेना जातीने हजर होती. माएस्त्रो आला तो जरा लंगडतच.

"माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, बाई," तो मला म्हणाला. "नाच नीट नाही आला म्हणे माझा."

"तुमचा दोष नाही, माएस्त्रो. यंत्राचा आहे."

"तसं नव्हे. त्या दिवशी मी जरा घाबरलो होतो. एवढी शिकलेली माणसं बसलेली." आणि विल्मारकडे न बघता म्हणाला, "आज नीट करतो."

फाबियानने बोलणी खाल्ली होती, म्हणून या वेळी त्याने डाव्या पायाचे पट्टे करकचून आवळले आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. माएस्त्रोने ओठ दाबले. गाणं लागलं. गिरकीला पाय पुन्हा उशिरा आला.

"सेन्सर नाही सरकलेला," फाबियान पडद्याकडे बघून म्हणाला. "मग हे काय?"

"पुन्हा," हिमेना म्हणाली. "माएस्त्रो, सिग्नलला नाचता तसं."

माएस्त्रो पुन्हा नाचला. आता तो पायाकडे बघून नाचत होता, तो वेळेवर उचलायची धडपड करत होता, आणि त्यात सगळाच नाच बिघडत होता. घामाने टोपी भिजली. हिमेनाने पुन्हा नाचायला लावलं. पुढच्या गिरकीला गुडघ्यानेच दगा दिला. तो खाली बसला आणि बसल्या बसल्याच हात जोडून म्हणाला, "माफ करा, बाई. मला वाटतं तुम्ही दुसरा माणूस बघा. हा पाय आता असाच आहे."

त्याच्या तोंडावर इतकी लाज होती की मला तिथे उभं राहवेना. आम्ही चांगल्या नाचणाऱ्या माणसाला त्याच्याच पायाची लाज वाटायला लावली होती.

"असाच आहे!" मागून विल्मार ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "पहिल्यापासून असाच आहे. सेन्सर कधी सरकलाच नव्हता!"

तो धावत टेबलाशी गेला, पहिल्या दिवसाची क्लिप उघडली आणि मोठ्या पडद्यावर टाकली. लेअरच्या यादीत पायाचा लेअर होता, कंबरेचा होता आणि सगळ्यात खाली मूळ हालचाल. त्याने वरचे दोन्ही लेअर म्यूट केले आणि क्लिप सुरू केली.

राखाडी पुतळ्याच्या जागी आता फिल्ममधला म्हातारा हमाल होता. गिरकी आली. डावा पाय मागे राहिला, सगळं अंग त्याच्यासाठी थबकलं, खांदा किंचित झुकला, आणि पाय आला तसं अंग हसल्यासारखं पुढे गेलं. ताल चुकला नव्हता. त्या पायासाठी जागा करून घेतलेली होती. त्या दिवशी पुतळ्यावर आम्हाला फक्त पाय दिसला होता, त्याची वाट बघणारा माणूस दिसला नव्हता.

"हाच," हिमेना हळूच म्हणाली. "अरे हाच तो. हा कुठे होता इतके दिवस?"

"इथेच," विल्मार म्हणाला. "खाली. मी झाकला होता." तो आमच्याकडे वळला. "तुम्ही हसत होतात. मला वाटलं, पाय नीट केला तर कुणी हसणार नाही. बांधकामाच्या परांचीवरून पडले तेव्हापासून हा पाय असा आहे. मी लहान होतो. मला माहीत होतं, बॉस. दुसऱ्यांदा बोलावलंत तेव्हाही माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. ते माझे वडील आहेत."

व्हिडिओ काढणारी पोरं जमिनीकडे बघायला लागली. मला माझंच खिदळणं आठवलं.

सगळ्यांच्या आधी माएस्त्रो बोलला. बसल्या जागेवरूनच, घाईघाईने, माझ्याकडे बघून. "यांचा काहीतरी घोळ होतोय, बाई. साहेब दमलेत. मी सिग्नलवरचा माणूस, यांचा नि माझा काय संबंध? यांना काही बोलू नका. कामाला फार चांगले आहेत ते."

त्या पोराला आपली ओळख नको आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी दारातून ओळखलं होतं. आणि आता पोराने ती सगळ्यांसमोर दिली, तरी तो बापडा तिच्यावर पांघरूण घालत होता.

विल्मार त्याच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने त्याने आधी स्वतःचं नाक पुसलं आणि मग डाव्या पायावरची चिकटपट्टी सोडवायला लागला. पाय सुजला होता. फाबियान कात्री घेऊन आला, पण विल्मारने ती घेतली नाही. नखांनीच एकेक वेढा सोडवत राहिला.

"पप्पा, पुरे झालं," तो म्हणाला. "घरी जाऊ."

माएस्त्रोने आमच्याकडे चोरट्यासारखं बघितलं, खाली वाकला आणि त्याच्या कानाशी कुजबुजला.

"ऊठ रे बाळा. तुझी माणसं बघतायत."

विल्मार उठला नाही.