सिरॅमाइड आणि धाबळी

देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात मी क्रीम बनवते. ग्लिसरीनचं साधं पांढरं क्रीम. मालक ते वर्षानुवर्षं विकतोय आणि मीही वर्षानुवर्षं त्याचं गुणगान करत आले. आठवडाभर देवासला भाड्याच्या खोलीत, शनिवारी इंदूरला बस बदलून धारला घरी. धारला नवरा शाळेत शिकवतो, सासूबाई घर सांभाळतात. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आणि कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे रक्त येईपर्यंत खाजवायची.

मी येताना क्रीमची बाटली आणायची. लावलं की ती किंचाळायची, कारण भेगा पडलेल्या कातडीला ते झोंबतं. तासभर कातडी ओलसर दिसायची, दुपारपर्यंत पुन्हा पापुद्रे. मी आणखी थापायची. शेवटी शेवटी शनिवारी फाटकाची कडी वाजली की ती फ्रॉकच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून आजीच्या मागे लपायची. पोटच्या पोरीला आपण येऊ नये असं वाटतं, हे कळल्यावर बाईचं काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही. बसमध्ये मी तोंडावर पदर घेऊन रडायची, एवढंच सांगते.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी लाली चढली की लावायला औषधी मलम दिलं आणि रोजच्यासाठी सिरॅमाइडचं, म्हणजे कातडीत असते तशा चरबीचं, क्रीम लिहून दिलं. मी दुकानातच ट्यूब उलटी करून घटकांची यादी वाचली. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड, तिन्ही नावं होती, पण पार तळाशी, टिकवण्यासाठी घालतात त्या रसायनाच्याही खाली. मी हसले. म्हटलं, हे काय, देवाला दाखवलेला नैवेद्य? याच्या कितीतरी पट चांगलं मीच करीन. नवऱ्याने "आधी हे तर लावून बघ" म्हटलं, तर त्यालाच ऐकवलं की क्रीमचा धंदा मला कळतो.

ट्यूब परत ठेवली. पुरवठादाराकडून सिरॅमाइडचा नमुना मागवला. फॅटी ॲसिड म्हणून घालायला स्टिअरिक ॲसिड कारखान्यात होतंच. कोलेस्टेरॉल मात्र मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढतात, आणि आमच्या मालाच्या डब्यावर शाकाहारीचा हिरवा ठिपका असतो. मालक म्हणाला, "मॅडमजी, भेड़ का माल अपने स्टोर में? भिया, लाल निशान लग गया तो पूरा माल वापस आएगा।" खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. सासऱ्यांचं हृदयाचं दुखणं आम्ही घरात पाहिलेलं, कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात. ते लेकीला चोळायचं? तीनातलं एक नसलं तर काय बिघडतं, दोन तर आहेत.

सिरॅमाइड सहजी विरघळत नाही. तेलाचा भाग चांगला तापवला, पाण्याचाही तेवढाच, आणि दोन्ही घुसळले. पहिल्या खेपेला गार होताना रव्यासारखे कण आले. दुसऱ्या खेपेला जमलं, मऊ, तुकतुकीत. मी ते स्टीलच्या डब्यात भरून सोन्याचा दागिना न्यावा तसं धारला नेलं.

दोन आठवडे घरच्यांनी ते नेमाने लावलं. तिसऱ्या शनिवारी सासूबाईंनी तिची कोपरं मला दाखवली. पूर्वी चार दिवसांत मिटणाऱ्या भेगा आता मिटतच नव्हत्या. तिने स्वतःच्या नखांना घाबरून हात पाठीमागे धरले होते. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि डोकं भिंतीला टेकून उभी राहिले. मला दुसरं काही येत नव्हतं. जे येत होतं त्यानेच तिला मी छळत होते.

त्याच दुपारी लेकीला घेऊन मी इंदूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी माझा सगळा कबुलीजबाब ऐकला. मग शांतपणे म्हणाल्या, "कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये ही तिन्ही प्रकारची चरबी एकावर एक पापुद्र्यांसारखी बसलेली असते. तिच्यामुळे आतलं पाणी आत राहतं. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, ते चांगलंच आहे, पण हे पापुद्रे ते पुरवत नाही. आणि वरून लावलेली चरबी आतल्या पेशी उचलतात, स्वतःच्या चरबीत मिसळतात. तिन्ही मिळाली तर पापुद्रे नीट बसतात. एक नसलं तर वेडेवाकडे बसतात, आणि भरून येणं उलट लांबतं."

"म्हणजे ग्लिसरीन बरं होतं?"

"तुमच्या त्या दोनच चरबी घातलेल्या क्रीमपेक्षा बरं. तिन्ही साधारण सारखी असली की कातडी आपल्या चालीने भरते. एक जास्त ठेवलं तर लवकर. हिच्यासारख्यांच्या कातडीत सिरॅमाइडच कमी पडतं, म्हणून ते जास्त. मी तीन लिहिली होती, मॅडम." ट्यूबच्या यादीचं म्हटलं, तर म्हणाल्या, सिरॅमाइड थोडंच घालतात, यादीतल्या जागेवरून गुण ठरत नाही. हे मला, क्रीम बनवणारीला, ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सासूबाई नैवेद्याचा स्वयंपाक करत होत्या, सोवळ्यात, म्हणजे धाबळी नेसून. धाबळी हे लोकरीचं लुगडं. मी उंबऱ्याबाहेर बसून त्यांना सगळं सांगितलं, मेंढीचंही. वाटलं, आता स्नान करायला लावतील. त्यांनी पुरण ढवळणं थांबवलं नाही.

"अगं, सुती लुगडं रोज धुवून वाळत घालावं लागतं आणि त्याला कुणी शिवलं की गेलं. ही धाबळी माझ्या सासूबाईंची. लोकरीला विटाळ नाही, म्हणून तर देवापुढे हीच. मेंढी कापतात का त्यासाठी?"

"नाही. कातरतात फक्त. लोकर धुताना जी चरबी निघते, तिच्यातून काढतात."

"मग माझ्या अंगावर चालते ती पोरीच्या अंगावर का नाही? इतके दिवस विचारलं का नाहीस?"

मी का विचारलं नव्हतं? कारण घरात रसायनशास्त्र शिकलेली मी होते.

औषधांच्या दुकानातून ती ट्यूब आणली आणि त्याच संध्याकाळपासून लावायला सुरुवात केली. मालकाला सोमवारी धाबळीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बेचने का नहीं, पर बिटिया के लिए बना लो।" मी पुन्हा माझं केलं, पण या वेळी तिन्ही घालून, सिरॅमाइड जास्त ठेवून, थोडं ग्लिसरीनही. ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "घटक बरोबर आहेत, पण पोरीवर प्रयोग पुरे. ट्यूबच लावा." मी ऐकलं. माझा डबा अजून खोलीवर आहे, मी तो स्वतःच्या टाचांना लावते.

भेगा हळूहळू मिटल्या. आंघोळ झाली की अंग ओलं असतानाच सासूबाई लावायच्या. खाज पुरती गेली नाही, थंडीत पुन्हा लाली चढायची, मलम लागायचंच. पण चादरीवर रक्त दिसेनासं झालं.

मग एका शनिवारी सासूबाई म्हणाल्या, आज तू लाव. लेक बाह्या ओढून उभी होती. पळाली नाही. आजीकडे एकदा बघून तिने हात पुढे केला, डोळे घट्ट मिटले, दात आवळले. कोपर गुळगुळीत होतं. मी बोटावर क्रीम घेऊन हलक्या हाताने लावलं, दोन्ही कोपरांना, मग गुडघ्यांच्या मागे. तिच्या तोंडून आवाज आला नाही.

"झालं," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले नाहीत. ती अजून झोंबण्याची वाट बघत होती.