परत आलेला भात

माझी आई, कमळ, वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या गल्लीत, जेट्टीच्या वाटेवर, बावीस वर्षं खानावळ चालवते. सहा टेबलं, आमच्या मालकीचा गाळा आणि भाकऱ्या थापायला शकुमावशी. माझा बाप महादू तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची होडी विकली, पैसे आले तसे संपले, आणि तो गेला त्या दिवसापासून आई कमी बोलायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भात टाकायची, कालवण ढवळायची, आणि काही विचारलं तर "हां" म्हणायची. सुन्न बाई. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मी कल्पिता. अंधेरीच्या एका हॉटेलात स्टोअर बघते. कुठल्या प्लेटला किती माल गेला, किती फुकट गेला, हेच दिवसभर मोजते. जगाचं मोजते आणि घरचं कधी बघितलं नव्हतं. माझा भाऊ मितेश मात्र बघत होता. मार्चमध्ये तो सरळ म्हणाला, "आये, कॉफीशॉपवाला गाळ्याचं महिन्याला पस्तीस हजार भाडं देतोय. तू राब राब राबतेस आणि गॅस, बर्फ, पगार जाऊन सव्वीस सुटतात. एप्रिलअखेर तुझे पस्तीस झाले तर ठीक. नाहीतर गाळा देऊन टाकू, तू घरी बस."

आई म्हणाली, "हां."

त्या "हां"ने माझं डोकं फिरलं. घरी बसली असती तर ही बाई भिंतीकडे बघत मेली असती. मी दीड महिन्याची रजा टाकली आणि हॉटेलातला जुना वजनकाटा उचलून घरी आणला.

पहिला आठवडा, मार्चचा शेवटचा, काही बदलायचं नाही, फक्त मोजायचं, असं ठरवलं. मोरीपाशी तीन बादल्या ठेवल्या. एकीत ताटातून परत आलेला भात-कालवण, दुसरीत माशांचे काटे, तिसरीत रात्री उरलेलं, टाकून द्यायचं. पहिल्याच दिवशी शकुमावशीने काटे भातातच टाकले आणि मी बादलीचं वजन वजा करायला विसरले. सगळं मुसळ केरात. दुसऱ्या दिवसापासून नीट लिहिलं.

आधी सुरमई. आई किलोचे दहा तुकडे धरून हिशोब करायची. पण डोकं, शेपूट, पोट काढलं की किलोचे सातशे ग्रॅम उरतात, म्हणजे शंभर ग्रॅमचे सातच तुकडे. डोकं कालवणात जातं हे खरं, पण ते काही ताटात तुकडा म्हणून वाढता येत नाही. साडेचारशेची सुरमई म्हणजे तुकडा पंचेचाळीसचा नाही, चौसष्टचा. दोनशे वीसच्या थाळीला आई नव्वदचा माल धरायची, तो निघाला एकशे दहाचा.

आणि मग भात. आई एका थाळीत साडेतीनशे ग्रॅम शिजलेला भात वाढायची आणि त्यावर दोन डाव कालवण ओतायची. त्यातला सरासरी एकशे वीस ग्रॅम भात परत यायचा, कालवणाने भिजलेला. भाताचं दुःख नव्हतं, तो स्वस्त. पण त्याच्याबरोबर नारळाचं कालवण जात होतं, ते महाग. दिवसाला चाळीस थाळ्या. म्हणजे रोज साडेतीनशे रुपये मोरीत.

"एवढा भात कोणाला वाढतेस गं?" मी विचारलं.

आई पहिल्यांदाच नीट वाक्य बोलली. "खलाशाला एवढाच लागतो."

मी ताटं मोजली होती. चाळीसपैकी खलाशी तीन-चार. बाकी सगळी आसपासच्या ऑफिसांतली पोरं, शूटिंगवाले, डाएटवाले. आई अजून होडीवरून उतरलेल्या माणसांना जेवू घालत होती, आणि ती माणसं कधीच येईनाशी झाली होती. मी हे तिला तोंडावर सांगितलं. ती हात धुऊन भाकऱ्यांचं पीठ मळायला बसली.

दुसऱ्या आठवड्यात, एप्रिल लागताच, मी वाटी आणली. बरोबर दोनशे तीस ग्रॅम भात, एक डाव कालवण, कालवणाची छोटी वाटी बाजूला. भिंतीवर पाटी लावली: आणखी भात हवा तर मागा, पैसे पडणार नाहीत. आणि प्रत्येक ताट परत आलं की माशाचे काटे काढून वजनकाट्यावर ठेवायचं, ताटाचं वजन वजा करायचं. सुरुवातीला आईचा हात सारखा परत पातेल्याकडे जायचा. मी ओरडायचे, "आये, वाटी." ती वाटी उचलायची.

आकडे झकास उतरले. परत येणारा भात एकशे वीसवरून वीसवर आला. ऑफिसची पोरं भात मागून घेत होती, तरी बचत होत होती. आणि एका दुपारी एक ताट आलं, त्यात काहीच नाही. काटा शून्य. मी वहीत मोठ्ठं शून्य काढलं आणि आईला दाखवलं. "बघ, याला म्हणतात हिशोब."

आईने वहीकडे बघितलंच नाही. "कोणाचं ताट ते?"

"खंडूकाकाचं."

खंडूकाका माझ्या बापाच्या होडीवर वीस वर्षं होता. आता जेट्टीवर लोकांची जाळी शिवतो आणि दुपारी आमच्याकडे जेवतो.

"बोटाने पुसलं त्याने ताट," आई म्हणाली. "मंग दोन तांबे पाणी प्यायला. तो उठला कसा ते तू नाय बघितलंस."

"मागायचं ना मग. पाटी आहे."

"आपल्यात जेवणारा मागतो का गं? वाढणारीने बघायचं असतं."

मला लहानपणापासून माहीत होतं हे. आमच्याकडे ताटावर बसलेला पुरुष मागत नाही, बाई ताटाकडे बघून वाढते. काट्यात डोकं घालून मी ते विसरले. शून्य म्हणजे वाया गेलं नाही एवढंच. माणूस उपाशी उठला की जेवून उठला, ते त्यात लिहिलेलं नसतं. हॉटेलात आठ वर्षं काढली आणि हे मला कोणी शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडूकाका आला नाही. तिसऱ्याही नाही. एप्रिल संपला, मितेशने वही तपासली. पस्तीस हजार चारशे. "गाळा तुझा, आये," तो म्हणाला. आई "हां" म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच हललं नाही, आणि मला पहिल्यांदा माझ्या सगळ्या आकड्यांची लाज वाटली.

संध्याकाळी ती जेट्टीवर गेली. परत आल्यावर मीच विचारलं. म्हणाली, "पोट बरं नाय म्हणतो. वडापाव खात होता."

दुसऱ्या सकाळी मी पाटी काढली. वाटी ठेवली, ती सोडायची नव्हती. पण आता आई भाताचं पातेलं कमरेवर घेऊन टेबलाटेबलाशी फिरायची आणि ताट बघून वाढायची. ऑफिसवाले हात आडवा धरायचे, ती पुढे जायची. परत येणारा भात दिवसाला अर्धा-पाऊण किलोने वाढला. परवडत होतं.

पाचव्या दिवशी खंडूकाका आला, कोपऱ्यात बसला. आईने वाटीभर भात वाढला, तो संपायच्या आत दुसरा वाढला, मग तिसरा. तो हात धुवायला गेला तसं मी ताट काट्यावर ठेवलं.

चाळीस ग्रॅम. दोन घास त्याने ताटात सोडले होते. खाऊन पोट भरलं की सोडतात तसे.

मी वहीत चाळीस लिहिलं. आई माझ्या मागे उभी राहून ते बघत होती.

"महादूच्या माणसाला मी उपाशी उठवलं होतं," ती म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावून मोरीपाशी बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती रडली. मी तिला रडू दिलं.