तांबूस पिन

माझ्या साडूने मुलांसाठी खोकी कापणं बंद केलं, ते माझ्यामुळे. हे त्याला माहीत नाही. माझ्या बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात फळबाजार वाशीला आला, तेव्हा मी साताऱ्याकडचा हमाल होतो. पुढे स्वतःचा गाळा घेतला. घासाघीस करण्यात आणि चढ्या आवाजात बोलण्यात मला कोणी हरवत नसे. साडू नेरुळला राहायचा. नऊ ते पाचची नोकरी, आवाज कायम खाली. आमच्या वास्तुशांतीला पाहुण्यांसमोर तो हसत म्हणाला होता, "आमच्या साडूंचं सगळं जग खोक्यात." सगळे हसले. मी ते मनात ठेवलं.

त्याच्या घरी वॉशिंग मशीन आलं, त्याच रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. साडूने आधी थर्माकोल आणि प्लॅस्टिकची पिशवी माळ्यावर टाकली. मग पक्कड घेऊन खोक्याच्या पांढऱ्या पिना एकेक करून उपटल्या आणि वाटीत ठेवल्या. तळ आणि वरचं झाकण दोन्ही कापून खोकं आडवं केलं, म्हणजे पोरीला कुठूनही बाहेर पडता येईल. बाजूला खिडकी कापली, तीही डोकं अडकणार नाही एवढी मोठी. कापलेल्या कडांवर चिकटपट्टी लावली.

"अहो साडू, कपडे मशीन धुणार की खोकं?" मी म्हणालो.

"पोरीचं घर आहे. घाई कशाला?"

पोरगी एका टोकाने आत गेली आणि दुसऱ्या टोकाने त्याच्या मांडीवर निघाली. "काका, पुन्ना," म्हणाली. संध्याकाळी निघताना खोकं सोडेना, तेव्हा त्याने ते घडी करून आमच्याबरोबर दिलं.

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला येणार होता. मी गाळ्यावरून सफरचंदाच्या पाच पेट्या आणल्या. पुठ्ठा जाड, वर लाल चित्र. दोन-दोन पेट्या चिरून जोडल्या, लांब बोगदा केला आणि त्याने कापलेल्या खोक्याच्या घराच्या तोंडाला लावला. पुढे एका पेटीला ताटल्यांची चाकं डकवून गाडी केली. त्याचं घर एकच, माझा सगळा रस्ता. बायकोने दोनदा विचारलं, "अहो, पिना काढल्या का?" मी म्हणालो, "इतकी वर्षं पेट्यांत हात घालतोय, मला शिकवू नकोस."

साडूनेही दारातून आत आल्याबरोबर तेच विचारलं.

"काढल्या की," मी म्हणालो.

तो बोगद्याच्या टोकाशी बसला. पोरगी आत शिरली, मध्यावर थांबली आणि किंचाळली. बाहेर ओढली तेव्हा तळहातावर लांब ओरखडा आणि रक्त.

तोंडाला आलं ते मी बोलून गेलो. "तुमच्याच खोक्यातली पिन असणार. वाटीत ठेवायचा तमाशा करता, आणि एक राहिली ती दिसली नाही? ऑफिसात पंख्याखाली बसून पोरं वाढत नसतात."

साडू उठला. पोरीला कडेवर घेऊन त्याने नळाखाली तिचा हात धुतला. बायको म्हणाली, "दाजी, राहू द्या, मी धरते." तो म्हणाला, "चूक माझी आहे, मीच डॉक्टरकडे नेतो."

बायकोही बरोबर निघाली, पोरीला घेऊन दोघं गेले. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंतही गेलो नाही, खोकी पाडायला घरी थांबलो. बोगद्याच्या मध्यावर, सांध्यात, वर आलेली पिन सापडली. चपटी, रुंद, तांबूस. मशीनच्या खोक्याच्या पिना पांढऱ्या आणि बारीक होत्या, ते मी वाटीत पाहिलं होतं. तांबूस पिन सफरचंदाच्या पेटीची. बाजारात रोज माझ्या पायाखाली येते, मला ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

ती मी खिशात घातली.

ते परत आले. डॉक्टरांनी लसीचं कार्ड विचारलं होतं, बायकोने घाईत ते बरोबर नेलं होतं. डोस सगळे झालेले, म्हणून जखम स्वच्छ करून पट्टी केली, इंजेक्शन लागलं नाही. पोरगी हसत होती. साडू नाही.

तो स्वतःच्या हाताने कापलेलं ते घर मोडायला लागला. खिडकी दुमडली, चिकटपट्टी ओढून काढली. पोरगी त्याच्या पॅंटला धरून म्हणाली, "काका, घर." तो म्हणाला, "नको बाळा. काकाला नीट जमत नाही."

खिशातली पिन मांडीला टोचत होती. एक वाक्य बोलायचं होतं. भावात चार आण्यांसाठी तासभर बोलणारा मी, तेवढं बोललो नाही. उलट सुतळीचा गुंडा आणला आणि त्याला पुठ्ठा बांधायला मदत करू लागलो. गाठ पक्की बसेना म्हणून त्याने बोट ठेवलं, मी त्यावर गाठ मारली.

"बरं बांधता तुम्ही," तो म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या मुलासाठीही त्याने पुढे कधी खोकं कापलं नाही, हे मेव्हणीकडून कळलं. वास्तुशांतीचं ते वाक्य मात्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. आठवलं की हिशेब फिटल्यासारखं थोडा वेळ बरं वाटतं, मग त्याने गाठीवर ठेवलेलं बोट आठवतं.