अंगठ्याखालची ओळ

उभ्या गल्लीचे कपडे बेतणाऱ्या टाकेमावशी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. परदेशात लेक बाळंत झाली होती. नातवासाठी त्यांनी एक छोटी उशी शिवली होती आणि आत मोहरी भरली होती. बाळानं मान वळवली की आतली मोहरीही सरकणार होती. "सात दिवस शिवलीय, ही पोचली की मी पोचले," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

जावयानं तिकडच्या कस्टमच्या फॉर्मचा फोटो पाठवला. मावशी फोन घेऊन थेट भाषांतरवाल्या काकांच्या दुकानात.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ऐक. खाण्याचं काही आहे का? औषधं? ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोकड? विकायचा माल? असेल तर 'हो', नसेल तर 'नाही'. अंगावरचे, वापरातले कपडे सांगायची गरज नाही."

"सगळीकडे 'नाही' ठोका. 'हो' म्हटलं की चोर ठरवतील."

"अगं, उलटं आहे! सांगितलं तर बघतात. चाललं तर सोडतात, नाही चाललं तर ठेवून घेतात. लपवलं तर दंड. कफसिरपची बाटली आहे ना? तिला 'हो'."

काका पुढे वाचायला गेले आणि थबकले. फोटोत जावयाचा अंगठा आला होता. सातवी ओळ पुरी झाकलेली.

"तिथं 'नाही'च असणार," मावशी म्हणाल्या.

"अंगठ्याचं भाषांतर मला येत नाही. सही तुझी आहे. पुन्हा फोटो मागव."

"जावई झोपला असेल हो!"

"उठव. सासू कशाला असते?"

जावई उठला, नवा फोटो आला. काकांनी वाचलं, "रोपं, फळं, बिया, माती."

दोघांची नजर मावशींच्या पिशवीतून डोकावणाऱ्या उशीकडे गेली.

"ही बी कुठे, ही तर उशी!"

"आत काय आहे?"

मावशींनी उशी छातीशी धरली. उशी सुळसुळली. मग त्यांनाच हसू फुटलं, इतकं की काकांच्या टेबलावरचे कागद उडाले.

"लिहा 'हो'. पण थांबा." त्यांनी पिशवीतून कात्री, सुईदोरा आणि एक चेन काढली, तिथल्या तिथे शिवण उसवली आणि दुकानात बसूनच एका बाजूला ती चेन लावली. "आता उघडून बघू देत. माझी शिवण फाडायची नाही कुणी."

चार दिवसांनी फोन आला. मागून बाळाचं रडणं.

"काका! मोहरी ठेवून घेतली त्यांनी, दंड एक पैसा नाही! कफसिरप सोडलं. आणि तो साहेब माझी चेन चार वेळा उघडबंद करून बघत होता. शेवटी खोळ घडी घालून हातात दिली."

"मग उशी?"

"जावयाला मोहरी आणायला पिटाळलंय. म्हटलं, पाकिटाचा फोटो पाठव, आणि अंगठा बाजूला ठेव!"